राखीव निधी शोधताना

सुकापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. नवीन पनवेलला लागून, माथेरान रस्त्याच्या बाजूला वसलेलं हे गाव आता इमारतींनी भरलंय, आणि माझ्या कामाचा मोठा हिस्सा या इमारतींच्या सोसायट्यांकडून येतो. पूर्वी लग्नपत्रिका आणि हँडबिलं असायची. आता जुनी इतिवृत्तं, नोंदवह्या, ठरावांच्या प्रती असतात. बऱ्याच सोसायट्यांचं अभिहस्तांतरण राहिलेलं आहे, कुठे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, आणि २०१३ मध्ये हा सगळा पट्टा नैनाच्या क्षेत्रात आल्यापासून कागदांची विचारणा वाढली आहे. वकील विचारतो, बँक विचारते, विकासक विचारतो: अमुक सालच्या सर्वसाधारण सभेत काय ठरलं होतं, दाखवा.

असंच एका सोसायटीचं काम आलं. सचिव निवृत्त गृहस्थ, त्यांना मी काका म्हणते. त्यांनी पेनड्राइव्ह दिला. त्यात २००३ ते २०१४ पर्यंतची इतिवृत्तं पीडीएफमध्ये होती, त्या काळच्या टायपिस्टने करून दिलेली. सोबत सह्या असलेलं छापील इतिवृत्त पुस्तक होतं. मागणी साधी होती. "ताई, हे सगळं एकदाच असं करून द्या, की पुढच्या वीस वर्षांत कोणी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडलं तरी दिसलं पाहिजे."

मी २००७ ची फाइल उघडली, तर पानावर हे होतं:

```
jk[kho fu/khrwu Lift P;k nq#LrhlkBh
```

काकांची समजूत होती की फाइलला व्हायरस लागलाय. खरं तर फाइल धडधाकट होती. तिच्यात जे लिहिलं होतं तेच ती दाखवत होती. ज्याने कृतिदेववर टायपिंग केलंय त्याला ही ओळ सरळ वाचता येते: राखीव निधीतून Lift च्या दुरुस्तीसाठी.

जुन्या मराठी फॉन्टची रचना अशी होती. कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरं ठाऊक होती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवल्या गेल्या. j च्या जागी र, k च्या जागी काना, o च्या जागी व. फाइलमध्ये साठवलं जातं ते १०६ क्रमांकाचं अक्षर, म्हणजे j. त्यावर कृतिदेव चढवला की र दिसतो, तो काढला की j दिसतो. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे फॉन्ट, प्रत्येकाची बसवणी वेगळी, पण तत्त्व हेच. आणि या फाइलींत फॉन्ट नव्हताच. पीडीएफ बनवताना फॉन्ट आत घेण्याची खूण त्या वेळी काढून टाकली गेली असावी. तेव्हा फाइल लहान ठेवणं महत्त्वाचं वाटायचं, ती फ्लॉपीवर मावायला हवी होती. टायपिस्टच्या कॉम्प्युटरवर कृतिदेव होता, सोसायटीच्याही होता, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. फाइल बाहेरच्या गोष्टीवर टेकून उभी होती, आणि टेकू हलेपर्यंत ते कळायचं कारण नव्हतं.

हे तपासायला एक छोटी आज्ञा आहे. पॉप्लर नावाच्या मोफत साधनसंचात ती मिळते.

```
pdffonts itivrutta-2007.pdf

name           type      encoding  emb  sub  uni
KrutiDev010    TrueType  WinAnsi   no   no   no
TimesNewRoman  TrueType  WinAnsi   no   no   no
```

emb च्या रकान्यातला no म्हणजे फॉन्ट आत नाही. कोणतंही जुनं काम हातात आलं की मी आधी हा रकाना बघते. फाइल माझ्या पडद्यावर कशी दिसते यावर काही ठरवत नाही, कारण माझ्या कॉम्प्युटरवर शेकडो फॉन्ट बसवलेले आहेत आणि ते नसलेल्या फॉन्टची उणीव गुपचूप भरून काढतात.

दीर्घकाळ टिकवायच्या फाइलींसाठी पीडीएफचा एक वेगळा प्रकार आहे, पीडीएफ/ए. आयएसओ १९००५ हे त्याचं मानक, पहिला भाग २००५ मध्ये आला, दुसरा २०११ मध्ये. त्याचा गाभा असा की पान दाखवायला जे जे लागतं ते सगळं फाइलच्या पोटात हवं. फॉन्ट आत हवेत. साध्या पीडीएफमध्ये टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरियर असे चौदा फॉन्ट "सगळीकडे असतातच" म्हणून बाहेर ठेवण्याची मुभा होती, ती इथे नाही. रंग कोणत्या मोजपट्टीने वाचायचे ते आत लिहिलेलं हवं. पासवर्ड चालत नाही, ध्वनी आणि चित्रफिती चालत नाहीत, आतून चालणारे प्रोग्राम चालत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७ इलेक्ट्रॉनिक नोंदी जपण्याबद्दल सांगतं की नोंद पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशी राहिली पाहिजे, आणि मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात राहिली पाहिजे. काकांना मी हे कलम वाचून दाखवलं होतं, कारण पुढे जे निर्णय घ्यायचे होते त्यांत "अचूक" हा शब्द पुन्हापुन्हा लागणार होता.

झटपट उपाय माझ्या हाताशी होता. कृतिदेव बसवायचा, जुनी फाइल घोस्टस्क्रिप्टमधून काढायची, फॉन्ट आत जातो, पीडीएफ/ए तयार. मी तो करून पाहिला. पान सुरेख दिसलं, अगदी २००७ सारखं. pdffonts मध्ये yes आलं. मग व्हेरापीडीएफ लावलं. पीडीएफ/ए तपासण्यासाठी ओपन प्रिझर्व्हेशन फाउंडेशन आणि पीडीएफ असोसिएशन यांच्या पुढाकारातून तयार झालेलं हे मोफत साधन आहे, आणि माझ्या मते या कामात त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. त्याने फाइल उत्तीर्ण केली.

त्याच फाइलमध्ये मी "राखीव" शोधलं. शून्य. ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली, तर पुन्हा jk[kho fu/kh.

पीडीएफ/एच्या दुसऱ्या भागात तीन पातळ्या आहेत. बी म्हणजे दिसायला कायम तसंच दिसेल. यू म्हणजे प्रत्येक आकृती युनिकोडमधलं कोणतं अक्षर आहे हेही फाइलमध्ये असेल. ए म्हणजे त्यावर मथळे, परिच्छेद, तक्ते यांची रचनाही नोंदलेली असेल. जुन्या फॉन्टची फाइल बी पातळीवर पास होते यात नवल नाही, ती दिसतेच बरोबर. पण ती यू पातळीच्या अक्षरांच्या अटीतूनही निसटू शकते. तपासणारं साधन विचारतं: या आकृतीला युनिकोड अक्षर आहे का? फाइल म्हणते: आहे, j. साधनाला उत्तर मिळालं. पानावर र काढलेला आहे आणि नोंदीत j आहे, हा विसंवाद डोळ्यांशिवाय कोणाला दिसणार? असा दस्तऐवज वीस वर्षांनी उघडेल, दिसेल, आणि त्यात काहीही सापडणार नाही. बारा वर्षांच्या इतिवृत्तांत राखीव निधी कुठे कुठे खर्च झाला हे शोधायचं तर पान न् पान वाचावं लागेल. आंधळ्या माणसाला पडदा-वाचकावर ते ऐकायचं असेल तर त्याला "जेके कंस के एचओ" ऐकू येईल.

म्हणून मी काकांना सांगितलं की दोन फाइली करू. एक छापील, सह्यांच्या पुस्तकाची प्रतिमा, कारण कायद्याच्या दृष्टीने खरी नोंद ती आहे. दुसरी युनिकोडमधला मजकूर, शोधता येण्यासाठी. त्यांनी एकच प्रश्न विचारला: दोन्हींत फरक निघाला तर खरं कोणतं? मजकुराच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ते लिहून ठेवलं: फरक आढळल्यास सहीच्या पुस्तकाची प्रतिमा ग्राह्य धरावी.

मजकूर काढण्याचं काम वेळखाऊ निघालं आणि त्यात शिकण्यासारखं बरंच होतं. कृतिदेवचं युनिकोड करणारे रूपांतरक मिळतात. पण पीडीएफमधून नुसता मजकूर उपसला की कोणता शब्द कोणत्या फॉन्टमध्ये होता हे हरवतं. मग रूपांतरक Lift हा इंग्रजी शब्दही कृतिदेव समजून बदलतो. L म्हणजे अर्धा स, i म्हणजे प, f म्हणजे पहिली वेलांटी, t म्हणजे ज. पहिल्या खेपेला ओळ अशी आली: राखीव निधीतून स्पजि च्या दुरुस्तीसाठी. हे स्पजि निदान डोळ्यांत भरतं. एखादा संक्षेप, सदनिकेचा क्रमांक, A विंग की B विंग असलं एखादं अक्षर बदललं तर लक्षातही येत नाही. B म्हणजे कृतिदेवमध्ये ठ. म्हणून मजकूर उपसताना फॉन्टची खूण टिकवून ठेवायला हवी. पॉप्लरमधल्याच pdftohtml ला -xml हा पर्याय दिला की प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा फॉन्ट लिहून येतो. कृतिदेवचे तुकडे तेवढे बदलायचे, टाइम्सचे तसेच ठेवायचे.

दुसरी अडचण क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने टाइप होतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. "निधी" मध्ये वेलांटी आधी, न नंतर: fu. युनिकोडमध्ये न आधी, वेलांटी नंतर. एका अक्षरापुरतं हे कोणताही रूपांतरक करतो. "परिस्थिती" मधली दुसरी वेलांटी मात्र स्थ या पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. कच्चे रूपांतरक ती अर्ध्या स नंतर लगेच टाकतात आणि पडद्यावर टिंबांचं वर्तुळ उमटतं. रफाराचं उलट. "सर्व" मध्ये तो शेवटी टाइप झालेला असतो आणि युनिकोडमध्ये व च्या आधी यायला हवा. या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात, म्हणजे "आर्थिक", "वार्षिक" असे शब्द, ते मी वेगळे काढून पाहिले. सोसायटीच्या इतिवृत्तात "वार्षिक" आणि "आर्थिक" पानापानावर असतात.

तिसरी गोष्ट यंत्राने सुटणारी नव्हतीच. त्या टायपिस्टने "दुसऱ्या", "करणाऱ्या", "येणाऱ्या" हे शब्द रफार देऊन, "दुसर्या", "करणार्या" असे टाइप केले होते. रूपांतर तंतोतंत झालं तरी शब्द चुकीचाच राहणार. इथे मी आणि काका दोघे बसलो. त्यांचं म्हणणं, मूळ जसं आहे तसं राहू दे. माझं म्हणणं, मूळ प्रतिमेत आहेच, मजकुराची फाइल शोधण्यासाठी आहे, आणि शोधणारा माणूस "थकबाकी भरणाऱ्या" असंच टाइप करेल. शेवटी दुरुस्ती केली आणि तीही पहिल्या पानावर नोंदवली. ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक ऱ हे खास अक्षर वापरून आणि एक र ला जोडणारं अदृश्य चिन्ह लावून. दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र वेगळे ठरतात. संपूर्ण फाइलमध्ये पहिलीच तऱ्हा ठेवली.

मजकूर शुद्ध झाल्यावर लिबरऑफिसमध्ये मांडणी केली. फॉन्ट टिरो देवनागरी मराठी घेतला. तो खुल्या परवान्याचा आहे, त्यामुळे फाइलमध्ये घालायला कोणाची हरकत येत नाही. विकतच्या काही फॉन्टमध्ये निर्मात्याने घालू नये अशी खूण केलेली असते, आणि मग निर्यात करताना फॉन्ट बाहेर राहतो किंवा साधन तक्रार करतं. दुसरं कारण आकृत्यांचं. ल आणि श मराठीत वेगळ्या वळणाने लिहिले जातात, आणि हिंदी वळणाचा फॉन्ट लावला तर म्हाताऱ्या सभासदांना ते पान परकं वाटतं. परिच्छेदांची भाषा मराठी अशी नोंदवली, म्हणजे ती नोंदही फाइलबरोबर जाते. पीडीएफ निर्यात करताना पीडीएफ/ए ची खूण करून दुसरा भाग, बी पातळी निवडली.

मग पुन्हा pdffonts. सगळीकडे yes, आणि फॉन्टच्या नावाआधी सहा इंग्रजी अक्षरं व अधिकचं चिन्ह. याचा अर्थ पूर्ण फॉन्ट आत न जाता वापरलेल्या आकृत्यांपुरता भाग आत गेला आहे. हे मानकाला मान्य आहे आणि फाइल आटोपशीर राहते. यादीत मात्र एक अनोळखी फॉन्ट दिसला. शोधलं तर तो यादीपुढच्या गोल ठिपक्यांचा होता. तोही आत होता, म्हणून अडलं नाही, पण यादीतलं प्रत्येक नाव कुठून आलं हे माहीत होईपर्यंत मी पुढे जात नाही.

व्हेरापीडीएफने ही फाइलही पास केली. आता माझी स्वतःची चाचणी:

```
verapdf --flavour 2b itivrutta-majkur.pdf
pdftotext itivrutta-majkur.pdf - | grep "राखीव निधी"
```

दुसरी ओळ फाइलमधून मजकूर उपसून त्यात शब्द शोधते. मी चार-पाच अवघड शब्दांची यादी ठेवली आहे: राखीव निधी, सर्वसाधारण, वार्षिक, दुसऱ्या, क्षेत्रफळ. वेलांटी, रफार, दोन्ही एकत्र, ऱ्य आणि क्ष, एवढं आलं की बाकीचं येतंच. युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइलसुद्धा इथे नापास होऊ शकते. कारण पीडीएफमध्ये आकृत्या पुन्हा दिसण्याच्या क्रमाने मांडल्या जातात, आणि नुसत्या छापण्याच्या मार्गाने बनवलेल्या पीडीएफमधून "निधी" उपसला की वेलांटी आधी आणि न नंतर असा निघतो. त्यावर उपाय म्हणजे आकृत्यांच्या गटाशेजारी खरा मजकूर वेगळा लिहून ठेवणं. मानकात त्याला ॲक्च्युअलटेक्स्ट म्हणतात. माझ्याकडची लिबरऑफिसची आवृत्ती तो लिहिते, त्यामुळे सगळे शब्द सापडले. पण पीडीएफ दाखवणारा प्रत्येक प्रोग्राम शोधताना तो मजकूर पाहतोच असं नाही. म्हणून पीडीएफच्या शेजारी साधी युनिकोड मजकूर फाइलही ठेवली. पीडीएफ/एच्या तिसऱ्या भागात अशी फाइल पीडीएफच्या पोटातच जोडता येते. मी ते टाळलं. सोसायटीच्या माणसाला फोल्डरमधली फाइल दिसते, पीडीएफच्या पोटातली दिसत नाही.

प्रतिमेच्या फाइलचं काम त्या मानाने सरळ होतं. सहीचं पुस्तक ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं. रंगीत अशासाठी, की निळ्या शाईची सही आणि जांभळा गोल शिक्का काळ्या छपाईवरून ओळखू यावा. रंगांची मोजपट्टी म्हणून एसआरजीबी प्रोफाइल फाइलमध्ये घातलं. एका बाबतीत मात्र मी हट्ट धरला. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल लहान करण्याची एक पद्धत असते, जी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच साचा घेऊन तो सगळीकडे वापरते. जेबिग-२ या पद्धतीचा हा तोटा होणारा प्रकार. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही यंत्रांत याच कारणाने स्कॅनमध्ये ६ च्या जागी ८ उमटत होते, तेही अगदी स्वच्छ, कोणाला शंका येऊ नये असे. लिफ्टच्या त्या ठरावातली रक्कम होती १,६८,०००. सहीच्या पुस्तकाच्या प्रतिमेत या रकमेचा १,८८,००० झाला तर? "फरक आढळल्यास प्रतिमा ग्राह्य" असं आपण लिहून बसलेलो. पीडीएफ/ए या पद्धतीला मनाई करत नाही, त्यामुळे तपासणीत हे कधीच सापडणार नाही. ती खूण काढूनच स्कॅन घेतलं, फाइल मोठी झाली, होऊ दे. रकमांचे आकडे मी पुस्तकाशी ताडून पाहिले.

बाहेरच्या आधाराचा आणखी एक प्रकार शेवटच्या वर्षांच्या फाइलींत निघाला. एका इतिवृत्तात लिहिलं होतं, "लेखापरीक्षण अहवाल सोबतच्या दुव्यावर पाहावा", आणि दुवा होता कोणा जुन्या खजिनदाराच्या वैयक्तिक ड्राइव्हचा. पीडीएफ/एमध्ये दुवे चालतात. मानकाच्या दृष्टीने दुवा हा पानाच्या दिसण्याचा भाग नाही, तो तुटला तरी पान पूर्ण दिसतं. पण ठरावाचा अर्थ त्या अहवालावर उभा होता. काकांनी खटपट करून लेखापरीक्षकांकडून अहवालाची छापील प्रत मिळवली, ती स्कॅन करून परिशिष्ट म्हणून जोडली आणि दुव्याच्या जागी परिशिष्टाचा पानक्रमांक आला.

मग पासवर्डचा विषय निघाला. काकांना भीती होती की कोणी फाइलमध्ये फेरफार करेल, म्हणून कुलूप लावून द्या. मी नाही म्हटलं. कुलूप लावलेली फाइल पीडीएफ/ए राहत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची. समिती बदलली की किल्ली आणि दप्तर नव्या हातात जातं, पासवर्ड बहुतेक वेळा जात नाही. फेरफार रोखता येत नसला तरी तो झाला आहे हे कळायची सोय आहे:

```
sha256sum itivrutta-majkur.pdf
```

ही आज्ञा फाइलमधून चौसष्ट अक्षरांचा ठसा काढते. फाइलमधलं एक टिंब बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. दोन्ही पीडीएफ आणि मजकूर फाइल यांचे ठसे कागदावर छापून दिले. समितीच्या पुढच्या सभेत काकांनी ते वाचून नोंदवले आणि इतिवृत्त पुस्तकात सहीसह चिकटवले. चौसष्ट अक्षरं हाताने उतरवली असती तर चूक झाली असती, म्हणून छापील पट्टीच.

सोपवण्याआधीची तपासणी मी नेहमी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर करते. शेजारच्या मेडिकलवाल्याचा जुना लॅपटॉप आहे, त्यात एकही मराठी फॉन्ट वेगळा बसवलेला नाही. इंटरनेट बंद करून फाइली तिथे उघडल्या. लिफ्टचा ठराव नीट दिसला, "राखीव निधी" शोधल्यावर बारा वर्षांतल्या सगळ्या जागा एकामागून एक येत गेल्या. काकांनी त्या जागा वहीत उतरवायला तिथेच सुरुवात केली, कारण वकिलाला त्याच हव्या होत्या.

काही जागा अजून मोकळ्या आहेत. दोन जुन्या फाइलींत टायपिस्टने कृतिदेवऐवजी कोणता तरी तिसराच फॉन्ट वापरला होता, त्याची बसवणी मला मिळाली नाही. तिथे रूपांतर सोडून छापील पानावरून मजकूर पुन्हा टाइप केला. पुस्तकातल्या २००७ च्या इतिवृत्ताचा एक कोपरा पावसात भिजलेला, तिथले सहा-सात शब्द लागत नाहीत. त्या जागी चौकटी कंसात "वाचता येत नाही" असं लिहून पुस्तकाचा पानक्रमांक दिला. काकांना त्यातला एक शब्द आठवतो असं ते म्हणत होते. तो घातला नाही. त्या सभेला हजर असलेले आणखी दोघे सभासद हयात आहेत, त्यांना विचारून समितीने ठराव केला तर तो त्या नव्या ठरावाच्या इतिवृत्तात येईल, २००७ च्या मजकुरात नाही. तशी दुरुस्तीची सभा पुढच्या महिन्यात ठेवायचं चाललं आहे. नवं इतिवृत्त आता काका फोनवरच युनिकोडमध्ये टाइप करतात, आणि सह्या झाल्या की त्याच आठवड्यात माझ्याकडे पाठवून पीडीएफ/ए करून घेतात.